मदत हवी आहे: 'ई' अक्षरावरून मुलीचे नाव, जे बेळगाव, गोकाक आणि म्युनिक तिन्हीकडे चालेल

शहापूरची_आत्या

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली असून पुढच्या आठवड्यात बारसे आहे. भाऊ आणि भावजय म्युनिकला असतात, बाळंतपण मात्र इथे बेळगावलाच झाले, आणि बाळ प्रवासाजोगे झाले की तिघेही परत जातील. भाऊ म्हणतो की दोन-तीन वर्षांत कंपनी त्याला कदाचित आयर्लंडला पाठवील. भावजयीचे माहेर गोकाकचे, त्यांच्याकडे घरात कन्नड बोलतात. कृत्तिकेचा दुसरा चरण असल्याने गुरुजींनी 'ई' अक्षर दिले आहे, आणि आमच्या आईचा आग्रह असा की पाळण्यातले नाव एक आणि कागदावरचे दुसरे असे काही नको.

त्यामुळे इरा, ईशा आणि इला अशी तीन नावे उरली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल गुरुजींची हरकत नाही. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. रोमन लिपीत लिहिलेले नाव जर्मन आणि इंग्रजी बोलणारा माणूस वाचेल तेव्हा त्याच्या तोंडून ते जवळपास आपल्यासारखेच यावे, आणि ज्या भाषांशी तिचा संबंध येण्याची शक्यता आहे त्यांत त्याचा काही भलताच अर्थ निघू नये. नाव कानात सांगण्याचा मान माझा, त्यामुळे उद्या काही निघाले तर बोलही मलाच लागणार आहे.

नवा_बाबा_चिकोडी

ताई, ईशा ठेवा आणि स्पेलिंग Eesha करा. Isha लिहिले की इंग्रजी वाचणारे हमखास 'आयशा' म्हणतात, हे माझ्या चुलतबहिणीच्या बाबतीत लंडनला रोज घडते. दोन e टाकले की प्रश्नच मिटतो.

खानापूरकर

मी पुण्यात जर्मन कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करतो, त्यामुळे अशा नावांचे पुढे काय होते ते टेबलावर रोज पाहतो. नवा_बाबा यांचा सल्ला इंग्लंडपुरता योग्य आहे, परंतु म्युनिकला तोच उलटा पडेल. जर्मन भाषेत ee म्हणजे लांब 'ए'. तिथे चहाला Tee लिहितात आणि 'टे' म्हणतात. तेव्हा Eesha लिहिलेत तर नर्सरीतल्या बाई तिला 'एशा' म्हणून हाक मारतील. उलट जर्मन माणूस साधा I 'इ' किंवा 'ई' असाच वाचतो, म्हणून Isha तिथे बऱ्यापैकी बरोबर वाचले जाते. 'श'साठी त्यांचे स्वतःचे लेखन sch असले तरी इंग्रजीमुळे sh आता सर्वांच्या परिचयाचे आहे. थोडक्यात, दोन्ही देशांत आपोआप बरोबर वाचले जाईल असे 'ईशा'चे एकही स्पेलिंग नाही. राहण्याचा देश कोणता ते ठरवून त्याप्रमाणे लिहावे आणि दुसऱ्या देशात एकदा सांगून सुधारून घ्यावे.

'इरा'चा उच्चार जर्मनीत उत्तम होतो. तिथे Ira हे मुलीचेच नाव समजले जाते, कारण इरिना या नावाचे ते घरगुती रूप आहे. अमेरिकेत मात्र हेच नाव 'आयरा' असे वाचतात आणि ते पुरुषाचे मानतात. गीतकार आयरा गर्श्विन यांचे नाव आपण ऐकले असेल. अर्थाचे म्हणाल तर लॅटिन, इटालियन आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत ira म्हणजे क्रोध. ही शिवी नव्हे, नेहमीचाच शब्द आहे, आणि त्यावरून कोणी मुलीला छळेल असे मला वाटत नाही. परंतु आपण आयर्लंडचा उल्लेख केला आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. पासपोर्टवर, विमानाच्या तिकिटावर आणि बहुतेक सरकारी अर्जांवर नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते. तिथे ते IRA असे दिसेल, आणि आयर्लंड व ब्रिटनमध्ये ही तीन अक्षरे सशस्त्र संघटनेचे नाव म्हणून लहानथोरांना ठाऊक आहेत.

'इला'ची अडचण अर्थाची नसून अक्षरांच्या आकाराची आहे. Ila असे संगणकावर टाइप करून पाहा. पुष्कळ फॉन्टमध्ये मोठा I आणि छोटा l सारखेच दिसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही की सुरुवातीला दोन l आहेत की I आणि l. शाळेच्या यादीत, ईमेलच्या पत्त्यात, दवाखान्याच्या चिठ्ठीत हा घोळ होत राहतो, आणि तो आवाजाने नव्हे तर डोळ्याने होतो, म्हणून कितीही वेळा उच्चार शिकवला तरी सुटत नाही.

गोकाकची_सून

इला नावाबद्दल कन्नड बाजूनेही सांगते. आमच्याकडे 'इल्ल' म्हणजे नाही. लिहिताना ही दोन वेगळी आहेत, आणि पृथ्वी या अर्थी 'इळा' हे कन्नडमध्ये चांगले नाव आहे, यात शंका नाही. पण अंगणातून कोणी "इला इदाळा?" म्हणजे "इला आहे का?" असे विचारले की माझ्या सासरचे दीर "इल्ल!" म्हणून टाळी मागणारच. शिवाय 'इलि' म्हणजे उंदीर, आणि लाडाने नावाचा शेवट 'ई'कडे वळवायची सवय दोन्ही घरांत असते. आजोळच्या घरी हे चालणार असेल तर चालेल. फार मोठी गोष्ट नाही, पण माहीत असलेले बरे.

राशीभविष्य_वाचक

कृत्तिकेचा दुसरा चरण म्हणजे वृषभ रास. राशीला ब, व, उ ही अक्षरे चालतात, मग 'ई'वरच अडून का बसायचे? वेदिका, वैदेही, विहा, उर्वी अशी सुंदर नावे आहेत. मी 'व'वरून आणखी यादी देऊ शकतो.

शहापूरची_आत्या

आपले आभार, पण चरणाचे अक्षर आईने मनावर घेतले आहे, त्यामुळे यादी वाढवण्यापेक्षा या तिघांतून निवड करण्यास मदत झाली तर बरे होईल. तरीही 'व'बद्दल विचारते, कारण भाऊ म्हणतो की जर्मन लोक V चा नेहमीच 'फ' करतात. हे खरे आहे काय?

खानापूरकर

नेहमीच नाही. त्यांच्या मूळच्या शब्दांत V चा 'फ' होतो. वडिलांना Vater लिहितात आणि 'फाटर' म्हणतात. पण बाहेरून आलेल्या शब्दांत आणि Vera, Viktor यांसारख्या नावांत ते 'व'च म्हणतात. त्यामुळे Vedika वाचताना पहिल्याच खेपेला काय होईल ते सांगता येत नाही, आणि अशी अनिश्चितता मला 'ई'च्या नावांत दिसत नाही.

निपाणीची_माला

माझे स्वतःचे नावच उदाहरण म्हणून देते. मुलगा माद्रिदला नोकरीला आहे. मी तिकडे गेले तेव्हा त्याच्या घरमालकीणबाईंना त्याने "ही माझी आई, माला" अशी ओळख करून दिली, आणि त्या बाई क्षणभर थांबून हसू दाबू लागल्या. स्पॅनिशमध्ये mala म्हणजे वाईट बाई, दुष्ट. पुढे त्या मला 'मालिनी' म्हणू लागल्या आणि आमची छान मैत्री झाली. मला काही फरक पडला नाही, पण मी तिथे पाहुणी होते. त्याच वर्गात रोज बसायचे असते तर मी हेच म्हटले असते का, ते सांगता येत नाही.

खानापूरकर

मालाताई, आपले उदाहरण नेमके आहे. शब्दकोशात अर्थ सापडणे आणि त्याचा त्रास होणे यांत अंतर असते. 'लीला' नावाचे जर्मन भाषेत lila होते, म्हणजे जांभळा रंग. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. 'हर्षित' किंवा 'दीक्षिता' ही नावे इंग्रजीत लिहिली की त्यांच्या शेवटी किंवा मध्यभागी जे अक्षरगट तयार होतात, त्यांवरून मात्र शाळेत खरोखर चिडवतात. मी स्वतः तीन प्रश्न विचारतो: तो शब्द शिवी किंवा शरीराच्या अवयवाचा आहे का, तो रोजच्या बोलण्यातला आहे का, आणि ती भाषा मुलाच्या वर्गातली आहे का. दोन उत्तरे होकारार्थी आली तर नाव सोडावे, असे माझे मत आहे. दुसऱ्या कोणाचे वेगळे असू शकते.

तपासण्याची पद्धतही सांगतो. विक्शनरीत रोमन स्पेलिंग टाकावे. एकाच पानावर निरनिराळ्या भाषांतले अर्थ एकाखाली एक दिसतात. isha टाकून जपानीपर्यंत गेलात तर 'डॉक्टर' असा अर्थ मिळेल, तो आजीबाईंना आवडायला हरकत नाही. अरबीत इशा ही रात्रीची नमाज, म्हणजे तिथेही अप्रिय असे काही नाही. उच्चारासाठी आपल्या भावाने निरनिराळ्या भाषांच्या सहकाऱ्यांना फक्त लिहिलेले नाव पाठवावे आणि वाचून आवाज मुद्रित करून मागवावा. स्वतः आधी उच्चारून दाखवू नये, कारण एकदा ऐकले की प्रत्येक जण शिष्टाचार म्हणून बरोबर म्हणतो आणि चाचणी वाया जाते. नंतर उलट बाजूने, फोनवर नाव सांगून त्यांना ते लिहायला लावावे.

शहापूरची_आत्या

खानापूरकर, भावाने आपण सांगितल्याप्रमाणे केले. Isha हे त्याच्या दोन्ही जर्मन सहकाऱ्यांनी 'ईशा' असेच वाचले. आयरिश सहकाऱ्याने 'आयशा' वाचले, आणि फोनवर 'ईशा' ऐकून त्याने Eesha लिहिले. इटालियन मुलीने Ira वाचताना काही म्हटले नाही, पण नंतर हळूच विचारले की हे नाव कोणी सुचवले. इलाचा विचार आम्ही सोडला आहे. भावजयीच्या आईने 'इल्ल'वरून विनोद करायला सुरुवातही केली होती.

आता भाऊ म्हणतो Isha लिहावे, भावजय म्हणते आयर्लंडला जायचे असेल तर 'आयशा' हाक रोज का ऐकायची.

नवा_बाबा_चिकोडी

आयशा हे जगभरातले प्रतिष्ठित नाव आहे. चुकून तशी हाक मारली तर त्यात वाईट काय?

शहापूरची_आत्या

वाईट काहीच नाही. पण ते तिचे नाव नाही, एवढेच भावजयीचे म्हणणे आहे.

खानापूरकर

त्यांचे म्हणणे रास्त आहे. मी तरी म्युनिककडे झुकेन, कारण तिथले घर आजचे आहे आणि आयर्लंड अजून बोलण्यातच आहे. निर्णय मात्र तुमच्या घरचा.

एक व्यावहारिक सूचना राहिली. बारशाच्या गडबडीत स्पेलिंग ठरवण्याची सक्ती नाही. जन्माची नोंद वेळेत झालेली असली की नाव नंतर घालता येते. पहिल्या बारा महिन्यांत त्याला विलंबशुल्क नसते. पासपोर्टसाठी मात्र नाव असलेला दाखला लागेल, तेव्हा प्रवासाच्या बराच आधी ते काम करावे. आपल्याकडचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत निघतो. कन्नडमध्ये पहिले अक्षर दीर्घ 'ई' घालायचे की ऱ्हस्व, हे भावजयीला अर्जावर स्वतः लिहायला सांगा, कारण कारकून इंग्रजी I पाहून ऱ्हस्वच घालण्याचा संभव अधिक.

आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहायचे का, ते आताच ठरवा. पासपोर्टात दोन्ही एकाच रकान्यात आली की जर्मन कचेऱ्या ती दोन्ही मुलीचीच नावे धरतात. मग पत्रांवर ईशाच्या जोडीला तिच्या वडिलांचेही नाव येत राहते. माझ्याकडे अशी कागदपत्रे दुरुस्तीसाठी बरीच येतात.

शहापूरची_आत्या

वडिलांच्या नावाचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आईला ते नाव मध्ये हवेच आहे, त्यामुळे आज रात्री भावाशी बोलावे लागेल. कानात 'ईशा' सांगायचे नक्की झाले आहे. स्पेलिंगचे काय ठरते ते इथे कळवते. तोवर कोणाच्या मुलीचे नाव ईशा असून ती डब्लिनला शिकत असेल, तर तिथल्या शाळेत तिला कशी हाक मारतात ते कृपया लिहावे.