सारंग, तांडेल, मालूम: इंग्रजी कादंबरीत न उलगडलेले देशी शब्द

शलाका: अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' (२००८) वाचतेय. खलाशांची बोली, भोजपुरी, बंगाली, सगळं मूळ रूपात ठेवलंय. पानोपानी अडखळायला होतं. शेवटी सरळ शब्दार्थांची यादी दिली असती तर काय बिघडलं असतं?

खारवा: सुरुवातीचाच भाग घ्या. काळ १८३८ चा. बाल्टिमोरचा झॅकरी रीड 'आयबिस'वर सुतार म्हणून चढतो. केपटाउनला जुने खलाशी जहाज सोडतात आणि त्यांच्या जागी सारंग अलीची लस्करांची, म्हणजे आशियाई खलाशांची, टोळी येते. आता झॅकरीला 'मेट'ऐवजी मालूम, 'बोसन'ऐवजी सारंग आणि त्याच्या हाताखालच्याला तांडेल म्हणायला शिकावं लागतं. इंग्रजी प्रतिशब्द त्या एका ठिकाणी शेजारी येतो, पुढे देशी शब्द एकटाच वावरतो. झॅकरीसोबत वाचकही शिकतो, म्हणून इथे यादीची गरज पडत नाही. अडचण होते ती शिकणारं पात्र समोर नसताना. डौटी नावाचा गोरा पायलट मोडक्या हिंदुस्तानीत शिव्या घालत सुटतो, तिथे शब्दन् शब्द कळणं अपेक्षितच नाही. त्याची मग्रुरी आणि उतावीळपणा कानावर पडला की काम झालं. प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसाल तर हाच भाग सगळ्यात कंटाळवाणा होईल.

प्रभाकर_द: हे सगळं मान्य, पण अडखळतो तो परदेशी वाचक. आपल्याला हे शब्द ओळखीचे असतात. पुस्तक लंडन-न्यूयॉर्कला खपवायचं तर यादी द्यावी, भारतीय आवृत्तीत नको. इतकं सोपं आहे.

वेंगुर्लेकर: पहिलं वाक्य निम्मंच खरं आहे. 'आपल्याला' म्हणजे नक्की कोणाला? किनाऱ्यावरच्या माणसाला तांडेल सांगावा लागत नाही, तिथे ते आडनावही आहे. 'सीकनी' म्हणजे सुकाणू धरणारा. शब्द मोठ्याने वाचला की सुकाणू ऐकू येतो, कारण दोन्हींचं मूळ अरबी-फारसीतलं एकच. पण 'मालूम' आपल्याला चकवतो. मराठी वाचक 'ठाऊक' असा अर्थ धरून पुढे जातो. हा शब्द 'मुअल्लिम'वरून आलाय, म्हणजे जाणता, वाट दाखवणारा. अमेरिकन वाचकाला अर्थ कळला नाही हे निदान त्याला समजतं. आपण चुकीचा अर्थ घेऊन बसतो आणि शंकाही येत नाही. दीती या पात्राची भोजपुरी गाझीपूरकडच्या वाचकाला घरची वाटेल, रत्नागिरीच्या वाचकाला अंदाजानेच घ्यावी लागेल. त्यामुळे देशी-परदेशी अशी एकच रेघ मारता येत नाही, प्रत्येक शब्दागणिक वाचकांची वाटणी बदलते.

शलाका: मालूमचं माझं अगदी तसंच झालं. मग यादी हवीच ना?

खारवा: शेवटी 'आयबिस क्रेस्टोमथी' आहे, ती पाहा. वर्णानुक्रमाने शब्द आहेत, पण ती नील या पात्राची टिपणं म्हणून येतात. त्याला अर्थापेक्षा शब्दांच्या नशिबाची काळजी जास्त: कोणता शब्द इंग्रजीत टिकला, कोणता बाहेर राहिला. अर्थ शोधायला गेलेल्याच्या हाती कधी कधी नवीनच कथा पडते. खलाशी बोली मुळातून पाहायची असेल तर रोबकचा जहाजी कोश आहे, १८११ साली कलकत्त्यात छापलेला.

मेधा_भाषांतर: मी मराठी कादंबरीचं इंग्रजी करतेय. 'वहिनी' ठेवला तर संपादक तिरप्या अक्षरात टाकतात, काढला तर नातंच जातं. तुमच्या चर्चेवरून वहिनी तसंच ठेवावं असं दिसतंय.

वेंगुर्लेकर: तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे मूळ मराठी वाक्य आहे, त्याला जबाबदार राहायचंय. इथे मूळच इंग्रजी आहे. तरी एक करून पाहा. पहिल्यांदा हाक येते तिथे धाकट्या दिराने ताटावर बसून भाकरी मागितलेली असू द्या. नातं, वय, हक्क तिघंही प्रसंगातून कळतात. तिरपं अक्षर मात्र टाळा. घरातल्या माणसाला आपली हाक परकी वाटत नाही आणि कथन त्याच्याच नजरेतून चाललंय.

प्रभाकर_द: प्रसंगातून कळतं हे एका शब्दाला ठीक. एका पानात सात-आठ आले की आधीचा रुजायच्या आत पुढचा येतो. 'आयबिस'वर काही ठिकाणी हेच होतं आणि तिथे वाचक पुस्तक मिटतो. याला काय म्हणाल?

खारवा: ती तक्रार खरी आहे. गर्दीच्या पानांवर मीही त्याचं समर्थन करणार नाही. पण डेकवरचा गोंधळ हेच तिथलं सांगणं असेल तर शब्द कमी केल्याने तोही कमी होईल. कुठे थांबावं यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

मेधा_भाषांतर: आणि हीच कादंबरी मराठीत आणायची झाली तर? तांडेल तर मराठीतच बसलेला. इंग्रजीत तो जो खडा वाजतो तो कशाने वाजवायचा?