प्लेस्कूल सुरू झालं आणि झोपेचं वेळापत्रक कोलमडलं : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती
लेक सव्वादोन वर्षांचा. प्लेस्कूलच्या आधी रात्री नऊला झोपायचा, सकाळी साडेसातला उठायचा आणि दुपारी एक ते तीन गाढ झोपायचा. आता शाळा नऊ ते बारा. त्यासाठी पावणेसातला उठवावं लागतं. शाळेत रडत नाही, ताई म्हणतात छान रमतो. मात्र परतीच्या वाटेवर गाडीत मान टाकतो. जेमतेम पंधरा मिनिटांची डुलकी, घराशी आलो की डोळे टक्क उघडे. मग दुपारी कितीही थोपटा, झोप नाही. पाचला खेळता खेळता आडवा होतो तो साडेसहाला उठतो, आणि रात्री पावणेअकरापर्यंत घरभर नाचतो. वर मध्यरात्री एकदोनदा रडत उठणं आहेच. तुमच्याकडे काय झालं, घडी कशी बसली, किती दिवसांत? उपदेश नको, अनुभव हवेत.

दोन मुलींची आई
थोरलीच्या वेळी हुबेहूब हेच. आमच्या घरातलं मत, "दुपारी झोपूच देऊ नका, रात्री आपोआप लवकर पडेल." तेही करून पाहिलं. आठला पडायची खरी, पण रात्री उठून रडायची आणि पहाटे पाचला दिवस सुरू.

आजोबा, नातवाचे पूर्णवेळ सोबती
आमच्या नातवाची दुपारची झोप बंद केली आणि सगळं सुरळीत झालं. मुलं दमली की झोपतात, यात एवढा विचार कसला?

दोन मुलींची आई
काका, नातू किती वर्षांचा?

आजोबा, नातवाचे पूर्णवेळ सोबती
चार पूर्ण.

प्लेस्कूलमध्ये शिकवणारी
मग काकांचं त्यांच्या नातवापुरतं बरोबरच आहे. तीन ते पाच या वयात बरीच मुलं दुपारची झोप स्वतःहून सोडतात. सव्वादोनला मात्र बहुतेकांना ती लागतेच. धागाकर्ती ताई, तुमच्याच वेळा मांडून बघा. आधी रात्रीचे साडेदहा आणि दुपारचे दोन, म्हणजे साडेबारा तास. आता रात्रीचे आठ, संध्याकाळचा दीड आणि गाडीतला पाव, म्हणजे पावणेदहा. या वयाला दिवसरात्र मिळून साधारण अकरा ते चौदा तास लागतात. त्यामुळे लेकाला झोप येत नाही असं नाही, ती चुकीच्या वेळी येते.

जागेपणी झोपेची ओढ हळूहळू साठत जाते. शाळेत नवे चेहरे, आवाज, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं, यांनी मूल बारापर्यंत पार थकतं. गाडीचा हेलकावा मिळाला की डोळा लागतो. त्या पंधरा मिनिटांत ओढीची धार तेवढी जाते, थकवा तसाच राहतो. म्हणून घरी थोपटून उपयोग होत नाही. पाचची झोप उरलीसुरली ओढही संपवते आणि रात्र पुढे ढकलली जाते.

आमच्या पालकांना दोनच गोष्टी सांगते. एक, वाटेत डोळा लागू देऊ नका. शेजारी बसून बोलत राहा, हातात काहीतरी खायला द्या. घरी आल्यावर खेळ नको. हातपाय धुणं, थोडं जेवण आणि पाऊणपर्यंत अंधाऱ्या खोलीत. आधीची एकची वेळ धरून बसू नका, कारण आता दिवसच पाऊण तास आधी सुरू होतो. दोन, ज्या दिवशी दुपार फसेल त्या दिवशी संध्याकाळी साडेसात-पावणेआठलाच रात्रीची झोप. चार वाजल्यानंतरची डुलकी शक्यतो टाळा. अगदीच कोसळला तर वीस मिनिटांत उठवा. रडेल थोडा.

सहा महिन्यांच्या बाळाचा बाबा
आमचं बाळ रात्री दर दोन तासांनी उठतं. त्याला प्लेस्कूलमध्ये घातलं तर दमून झोपेल का?

दोन मुलींची आई
भाऊ, हा धागा अडीच-तीन वर्षांच्या मुलांचा आहे. तुमच्या बाळाला अजून पुष्कळ वाट बघायचीय :-)

पूर्ण दिवसाच्या पाळणाघरवाली
आमच्याकडे उलटी गंमत. लेक पावणेतीन वर्षांची, सहापर्यंत तिथेच असते. घरी कधी तासाच्या वर झोपली नाही, तिथे पडदे ओढून सगळी एका रांगेत निजली की ही अडीच तास घोरते. साडेतीनला उठते, मग रात्री दहाच्या आत डोळा मिटेल तर शपथ. ताईंना विनंती केली की दीड तासाने उठवा. त्या म्हणाल्या, एकीला उठवलं की बाकीची चार उठतात, आणि त्यांचंही चूक नाही. शेवटी तिची गादी दाराजवळ घातली आणि उजेडाचा पडदा आधी उघडतात. हळूहळू जागी होते. आता साडेनऊपर्यंत आलोय, नऊ काही जमलेलं नाही.

रात्री उठणारा बाबा
मध्यरात्रीच्या रडण्याबद्दल. आमचा मुलगा झोपल्यावर तासा-दीड तासात किंचाळून उठायचा. डोळे उघडे, पण आईला ओळखत नसे, जवळ घेतलं तर ढकलायचा. आम्हाला वाटलं शाळेत कोणी रागावलं असणार, रोज ताईंची उलटतपासणी. सकाळी विचारलं तर त्याला काहीच आठवत नसे.

प्लेस्कूलमध्ये शिकवणारी
रात्रीच्या पहिल्या भागात, न ओळखता किंचाळणं आणि सकाळी आठवण नसणं, हे बहुधा गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आल्याने होतं. झोप अपुरी पडली की ते वाढतं. उठवायचा प्रयत्न नको, लागणार नाही एवढं बघत शेजारी थांबा. पहाटेकडे घाबरून उठणारं, तुम्हाला बिलगणारं मूल वेगळं, ते खरंच स्वप्नाला घाबरलेलं असतं. त्याला जवळ घ्या. एका रात्रीत पुन्हा पुन्हा होत असेल किंवा हातपाय झटके देत असतील तर मोबाइलवर चित्रीकरण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रात्री उठणारा बाबा
आमचं झोप तासभर अलीकडे आणल्यावर कमी झालं. थांबलं नाही, कमी झालं.

जुळ्यांची आई
एक राहिलंच. शाळा सुरू झाली की सर्दी घरात मुक्कामाला येते. नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं आणि सारखं उठतं. माझी एक मुलगी आडवी केली की रडायची, मांडीवर उभी धरली की शांत. मी शाळेची भीती म्हणून समजूत काढत होते, निघाला कान. गोळी-औषध झालं आणि झोप परतली. दुसरीचं उठणं मात्र खरोखर मी सोडून जाईन या धास्तीचं होतं. दिवसा शाळेच्या दारात हसत टाटा, रात्री माझा हात सोडायला तयार नाही.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. शनिवारपासून पाऊणची वेळ धरून बघतेय. गाडीत जागं ठेवण्यासाठी गाणी म्हणून घसा बसला, पण दोन दिवस दीड तास झोपला आणि साडेनऊला पडला. तिसऱ्या दिवशी वाहतूक अडकली, पुन्हा तीच पंधरा मिनिटं. त्या दिवशी पावणेआठला घातला, पहाटे साडेपाचला उठून बसला. एक प्रश्न उरलाय : सुट्टीच्या दिवशी पावणेसातलाच उठवायचं की झोपू द्यायचं?

दोन मुलींची आई
आम्ही झोपू द्यायचो. सोमवार वाईट जायचा.

पूर्ण दिवसाच्या पाळणाघरवाली
आम्ही अर्ध्या तासाच्या वर नाही. सोमवार तरीही वाईटच जातो.