स्थिर वितरण, अचल वितरण की समतोल? मार्कोव साखळीच्या भाषांतरात अडलोय

कोऱ्या_वह्या: मार्कोव साखळीवरच्या, म्हणजे पुढचं पाऊल फक्त आताच्या अवस्थेवर ठरतं अशा प्रक्रियेवरच्या नोट्स मराठीत करतोय. ‘स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन’ला ‘स्थिर वितरण’ लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की साखळी तर चालतच असते मग स्थिर कसं, आणि ‘समतोल’ करा. उदाहरण मार्कोवचं स्वतःचंच घेतलंय, १९१३चं. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली २०,००० अक्षरं त्याने हाताने मोजली, स्वरानंतर पुन्हा स्वर यायची संभाव्यता ०.१२८ आणि व्यंजनानंतर स्वर यायची ०.६६३. यावरून एकूण स्वर किती टक्के ते काढायचंय, पण माझी समीकरणं सोडवून निम्मे-निम्मे येतात. शब्द सुचवा, गणितही बघा प्लीज.

नर्मदाकाठ: अचल म्हणा. शाळेत चल म्हणजे बदलणारं, मग न बदलणारं ते अचल, सरळ आहे. स्थिरचं मूळ ‘स्था’ आणि स्टेशनरीचं लॅटिन ‘स्तारे’, दोन्ही एकाच कुळातली हे खरं, पण मराठीत स्थिर म्हटलं की शांत बसलेलं असं वाटतं.

भाऊ_सांगलीकर: अचल नको हो, लगेच सातबारा आणि अचल संपत्ती आठवते. आणि एवढा शब्दांचा घोळ कशाला, स्टेशनरीच लिहा, सगळ्यांना कळतं.

प्राची_वि: आधी गणित बघू, कारण शब्द तिथूनच ठरेल. स हा स्वरांचा वाटा, व व्यंजनांचा. निम्मे-निम्मे आलं म्हणजे तुम्ही समीकरण संभाव्यतांच्या मॅट्रिक्सच्या आडव्या ओळीवरून मांडलंय: स = ०.१२८स + ०.८७२व. ओळीची बेरीज १ असते, त्यामुळे असं मांडलं तर कुठल्याही साखळीत सगळ्यांना सारखाच वाटा मिळतो, चूक ओळखायची खूण हीच. उभ्या स्तंभावरून मांडा, म्हणजे स्वरात येणारं कुठून कुठून येतं ते:

स = ०.१२८स + ०.६६३व
व = ०.८७२स + ०.३३७व

दोन्ही सोडवायला गेलात तर एकच गोष्ट हाती लागते, ०.८७२स = ०.६६३व. दुसरं समीकरण नवं काहीच सांगत नाही, म्हणून ते सोडून द्यायचं आणि त्याच्या जागी स + व = १ घ्यायचं. मग स = ०.६६३ ÷ १.५३५ = ०.४३२. मार्कोवला ८६३८ स्वर मिळाले होते, २०,००० मध्ये ०.४३१९, जुळलं.

कोऱ्या_वह्या: खरंच ओळीवरूनच मांडलं होतं! इतकं तंतोतंत कसं जुळतं पण?

प्राची_वि: त्याच्या मोजणीत स्वरामागून स्वर ११०४ वेळा आलाय, म्हणजे स्वराकडून व्यंजनाकडे ७५३४ वेळा गेलो, आणि व्यंजनाकडून स्वराकडे परत यायलाही तेवढंच यावं लागतं, फार तर एकाचा फरक. समीकरण म्हणजे हीच आवक-जावक.

वेगवान_गोगलगाय: समीकरणं सोडवायचीच कशाला, मॅट्रिक्सला स्वतःनेच गुणत राहा, दहाव्या घाताला दोन्ही ओळी दोन दशांशापर्यंत सारख्या होतात. नेहमी होतं हे. म्हणून माझं मत ‘स्थिरावलेलं वितरण’, कारण साखळी शेवटी तिथे पोचते.

शिफ्टवाला_चाकण: नेहमी नाही होत दादा. आमच्या कंपनीत फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी दर आठवड्याला पाळी फिरते, तिन्हीला एक तृतीयांश येतं, पण आज फर्स्ट असेल तर तीन आठवड्यांनी पुन्हा फर्स्टच, हे कधी स्थिरावणार? झोपेचं मात्र पार खोबरं होतं.

प्राची_वि: अगदी बरोबर, ही साखळी आवर्ती आहे, घात करत राहिलात तर तीन मॅट्रिक्स आळीपाळीने येत राहतील. समीकरणाला मात्र उत्तर आहे, १/३ प्रत्येकी. कारण समीकरण ‘कुठे पोचेल’ विचारतच नाही, ‘याच वाट्यांनी सुरुवात केली तर पुढच्या पावलाला तेच राहतील का’ एवढंच विचारतं. म्हणून ‘स्थिरावलेलं’ मला चुकीचं वाटतं. साखळीत बाहेर पडता न येणारे दोन वेगळे गट असले तर अशी उत्तरं अगणित निघतात, बेरीज १ घेऊनही एकच एक मिळत नाही.

नर्मदाकाठ: मग अचलच की.

भाऊ_सांगलीकर: बाई म्हणतात ते समतोल काय वाईट आहे? आवक-जावक सारखी म्हणजे समतोलच.

प्राची_वि: पाळीचंच घ्या, फर्स्टवरून सेकंडला जातात पण सेकंडवरून फर्स्टला कोणीच येत नाही. समतोल म्हटलं की वाचणारा प्रत्येक जोडीत देवाणघेवाण सारखी आहे असं धरतो, ती वेगळी आणि जास्त कडक अट आहे. दोन अवस्थांत ती आपोआप पाळली जाते म्हणून मार्कोवच्या उदाहरणात फरक दिसत नाही.

वेगवान_गोगलगाय: पाळीचं मान्य. तरी वापरातल्या बहुतेक साखळ्या स्थिरावतातच, अपवादासाठी शब्द अवघड करू नका.

कोऱ्या_वह्या: उदाहरण दुरुस्त केलं, पाळीचंही घेतो. शीर्षकात सध्या ‘अचल’ टाकलंय. आता बाईंचा पुढचा आक्षेप ‘मेमरीलेस’साठी लिहिलेल्या ‘स्मृतिहीन’वर आहे.

नर्मदाकाठ: त्यावर माझंही मत आहे. ‘हीन’ नको, ‘निःस्मृती’ करा.