३८ शाखांच्या ३८ रेषा: माप एकच की प्रत्येकीचं वेगळं?

ठेवीविभाग: पतसंस्थेच्या ३८ शाखांच्या वर्षभराच्या ठेवी एका पानावर मांडायच्या आहेत. महिनावार आकड्यांची गर्दी नको म्हणून शाखेचं नाव, आजची शिल्लक आणि शेजारच्या खणात स्पार्कलाइन, म्हणजे वर्षभराचे चढउतार दाखवणारी खणाएवढी छोटी रेषा, एवढंच ठेवलं. सभेत विचारलं गेलं, "सगळ्याच शाखा गटांगळ्या खातायत का?" स्पार्कलाइन काढून टाकू?

हिशेबनीस: काढू नका. एक्सेल आपणहून प्रत्येक ओळीतला सर्वांत लहान आकडा खणाच्या तळाला आणि सर्वांत मोठा माथ्याला टेकवतं. १२ कोटींची शाखा ११ कोटी ७६ लाखांवर आली आणि ८० लाखांची ५६ लाखांवर, तरी दोन्ही रेषा सारख्याच कोसळलेल्या दिसणार.

शाखाधिकारी: मग सोपं आहे. Axis मध्ये किमान आणि कमाल, दोन्हींना `Same for All Sparklines` करा. विषय संपला.

हिशेबनीस: साहेब, निम्मंच काम झालं. आता पट्टी ५६ लाखांपासून १२ कोटींपर्यंत. लहान शाखेची घसरण खणाच्या उंचीच्या जेमतेम दोन टक्के भरेल, म्हणजे रेषा तळाला आडवी पडलेली. आधी प्रत्येक महिना त्या शाखेच्या स्वतःच्या वर्षाच्या सरासरीशी ताडून घ्या, बाजूच्या रकान्यांत:

```
=B2/AVERAGE($B2:$M2)*100
```

स्पार्कलाइन या रकान्यांवर काढा आणि मग एकच माप लावा. मोठी शाखा शंभराच्या आसपास राहील, लहान शाखेची उतरण स्पष्ट दिसेल. ३८ रेषा एकाच वेळी निवडून काढा, कारण एकच माप एका गटापुरतंच लागू होतं. रकाने लपवलेत तर रेषाही गायब होतील. `Hidden & Empty Cells` मध्ये लपवलेल्या रकान्यांची खूण करा.

वसुलीकक्ष: आमचा थकबाकीचा तक्ता झेरॉक्स होऊन शाखांना जातो. लाल-हिरवे ठिपके सगळे काळेच येतात. आम्ही फक्त शेवटच्या महिन्याचा ठिपका ठेवला आणि ओळीची उंची वाढवली.

माजी संचालक: मला हे पटत नाही. १२ कोटींतून २४ लाख गेले, ८० लाखांतूनही २४ लाखच गेले. संस्थेच्या तिजोरीला दोन्ही सारखेच. तुमच्या मांडणीत मोठ्या शाखेची रेषा शांत दिसते आणि संचालक पुढे सरकतात.

हिशेबनीस: रुपये सारखे, दुखणं वेगळं. लहान शाखेत तीस टक्के ठेव गेली, म्हणजे लोक पैसे काढून घेतायत. तिथे कुणीतरी उद्याच जायला हवं. मोठ्या शाखेत एखाद्या बड्या ठेवीदाराची मुदत संपली असेल.

माजी संचालक: "असेल" म्हणताय. रेषेत ते दिसतं का?

हिशेबनीस: नाही दिसत, ते खातेउताऱ्यातच बघावं लागतं.

ठेवीविभाग: सरासरीवरच्या रेषा काढल्या. जुलैत उघडलेल्या शाखेने बाकीच्या ३७ चपट्या केल्या, म्हणून तिला Ungroup करून खाली वेगळी ठेवली. रेषेशेजारी वर्षातला फरक लाखांत लिहिलाय. आता ओळींचा क्रम रुपयांवर लावू की टक्क्यांवर?

माजी संचालक: रुपयांवर.

हिशेबनीस: टक्क्यांवर.