फक्त ‘फी’ लिहून अर्ज कसा होणार?

बी-२०४: सोसायटीच्या ग्रुपवर कुणी प्राचार्यांना अर्ज लिहून देईल का? विषय : फी. लेकीच्या कॉलेजात उद्या द्यायचाय.

सी-१०२: दादा, फीचं काय? माफी हवी, सवलत हवी, हप्ते हवेत की मुदत वाढवून हवी? प्रत्येकाचा अर्ज वेगळा.

बी-२०४: कमी करा म्हणायचं ताई. परिस्थिती बेताची आहे, नम्र विनंती वगैरे, छानसं.

ए-३०१ (काका): छान लिहून भागत नाही हो. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसातच झाली. ‘घरची परिस्थिती हलाखीची’ असे अर्ज गठ्ठ्याने यायचे. साहेब वर ‘नियमानुसार’ असा शेरा मारून आमच्या टेबलावर पाठवायचे, आणि नियम लावायला अर्जात काही नसायचं. कोर्स कोणता? प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेशातून, म्हणजे कॅप राउंडमधून, की मॅनेजमेंट कोट्यातून?

बी-२०४: इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष. कॅपमधूनच, दुसऱ्या राउंडला. कॉलेज खाजगी आहे, विनाअनुदानित.

ए-३०१ (काका): मग निम्मं काम झालं. कोट्यातून असता तर सरकारी योजना विसरा. अभिमत किंवा खाजगी विद्यापीठ तर नाही ना? तिथे ही योजना नाही.

बी-२०४: नाही, कॉलेज पुणे विद्यापीठाचं.

सी-१०२: जात प्रवर्ग? आणि उत्पन्न, तुमचं आणि वहिनींचं मिळून?

बी-२०४: ओपन. माझं तीन लाख वीस हजारांच्या आसपास, तिची शिवणाची कामं धरून पावणेचार. दाखला अजून नाही. सेतूत अर्ज टाकलाय.

ए-४०३: मधेच बोलतो, उद्या बी विंगची लिफ्ट ११ ते १ बंद राहील.

सी-१०२: दादा, मग तुम्ही ‘कमी करा’ का म्हणताय? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलगा असता तर राजर्षी शाहू योजनेत निम्मंच मिळालं असतं. लेक म्हणालात, त्या एका शब्दावर केवढा फरक पडला बघा.

बी-२०४: पण ऑफिसात तर ९८ हजार भरा म्हणाले, नंतर परत मिळतील म्हणे.

ए-३०१ (काका): पावतीचा कागद असेल ना, त्यातली फोड टाका. सगळं ‘फी’ या एका शब्दात कोंबलंय तिथेच घोळ आहे.

बी-२०४: शिक्षण शुल्क ८४,०००. विकास शुल्क ९,०००. ग्रंथालय, जिमखाना, विमा वगैरे ५,०००.

ए-३०१ (काका): हं. ८४ हजारांचा प्रश्न सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर सुटणार, प्राचार्यांच्या हातात तो नाही. विकास शुल्क माफीत बसत नाही. उरले १४ हजार. त्यांचे हप्ते पाडून देणं मात्र प्राचार्यांना जमतं. खाजगी संस्थेत रक्कम कमी करायची तर विषय बहुधा संस्थाचालकांकडे जातो, महिनाभर फाइल फिरते. मी तर म्हणतो सवलत मागूच नका. दाखला येईपर्यंत शिक्षण शुल्क थांबवा आणि १४ हजारांना हप्ते द्या, एवढंच मागा.

सी-१०२: आणि दाखला यायच्या आत पोर्टलवर नोंदणी तरी करून ठेवा. आधार बँक खात्याला जोडलंय का तेही बघा. अधिवास दाखला लागेल. हो, अपत्यं किती? या योजनेत दोनच धरतात.

बी-२०४: दोनच. ती धाकटी. अधिवास प्रवेशाच्या वेळीच काढलाय.

ए-३०१ (काका): झालं मग. लिहून घ्या. प्रवेश क्रमांक तेवढा तुम्ही घाला.

“मा. प्राचार्य यांस,
विषय : शिक्षण शुल्काची वसुली तूर्त थांबवणे व उर्वरित शुल्क हप्त्यांत भरू देणेबाबत.
महोदय, माझी मुलगी प्रथम वर्ष अभियांत्रिकीस कॅपच्या दुसऱ्या फेरीतून दाखल झाली आहे (प्रवेश क्र. …). आम्ही खुल्या प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,७५,००० रुपये आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला असून त्याची पावती जोडली आहे. दि. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ती शिक्षण व परीक्षा शुल्कमाफीस पात्र ठरते. दाखला मिळताच महाडीबीटीवर अर्ज पूर्ण करू. तोपर्यंत शिक्षण शुल्क ८४,००० रुपयांची वसुली थांबवावी. उर्वरित १४,००० पैकी ७,००० आज भरतो, बाकी ७,००० दिवाळीपूर्वी भरण्याची परवानगी मिळावी. शुल्कमाफीचा अर्ज नामंजूर झाल्यास देय शिक्षण शुल्क भरण्यास मी बांधील आहे.”

बी-२०४: काका, शेवटचं वाक्य कशाला? उगाच अडकायचं.

ए-३०१ (काका): ते वाचूनच साहेब सही करतात. आणि दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, शिक्का घेऊन घरी आणा. तोंडी ‘ठेवा इथे’ म्हणाले तर ठेवू नका.

बी-२०४: हो काका. उद्या ११ च्या आत निघतो, लिफ्ट बंद व्हायच्या आधी.

ए-४०३: 😄