रुपया पडला की आपली चांदी?

पाणीवेसकर: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकी शेअरच्या इंडेक्स फंडात एक लाख टाकले. त्या वर्षी तिकडचा बाजार 19 टक्के पडला म्हणतात, माझे मात्र वर्षअखेर 90 हजारांच्या आसपास शिल्लक होते. रुपया पडला म्हणून वाचलास, असं मित्र म्हणतो. मग रुपया पडला की आमचे मालक का कुरकुरतात? त्यांना तर डॉलर मिळतात. निर्यात कंपन्यांचे शेअर घेऊ का?

सातरस्ता: एवढं काय डोकं लावतो बे. 2011 मध्ये डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2025 च्या डिसेंबरात 90 पार गेला. रुपया पडणारच. तिकडचा फंड घे, निर्यातवाल्यांचे शेअर घे, डोळे मिटून बस. आणि मालक कुरकुरतात कारण कुणी पगारवाढ मागू नये.

शेंगाचटणी: पगारवाढीचं मान्य, बाकी नाही. मी बावीस वर्षं निर्यातीची कागदं केली, बँकेच्या काउंटरवर उभी राहून चपला झिजवल्या.

आधी फंडाचं. तुमच्या लाखाचे तेव्हा साधारण 74.3 च्या भावानं 1,346 डॉलर झाले. बाजार पडून त्यांचे 1,085 उरले. वर्षअखेर डॉलर 82.7 ला होता, म्हणून हातात 89,700 रुपये. मित्र बरोबर बोलला. पण हेच 2017 ला उलटं झालं होतं. त्या वर्षी तिकडचा बाजार 19 टक्के चढला आणि डॉलर 67.9 वरून 63.9 वर उतरला. लाखाचे 1 लाख 12 हजारच झाले. अमेरिकेतला माणूस 19 टक्के कमवून बसला, आपल्याकडचा 12 वर. फंडाचा खर्च यात धरलेला नाही.

सातरस्ता, 45 ते 90 ही रेघ लांबून सरळ दिसते. मधल्या एखाद्या वर्षात पैसे काढायची वेळ आली तर ती वाकडी निघते.

सातरस्ता: ताई, एक वर्ष धरून वाद घालू नका. दहा वर्षांचं बघा.

शेंगाचटणी: फंडाला दहा वर्षं थांबता येतं. टॉवेलच्या बिलाला नव्वद दिवसांतच निकाल लागतो.

फेब्रुवारी 2025 घ्या. रुपया 88 च्या उंबरठ्यावर गेला होता. समजा तेव्हा कारखान्यानं 40 हजार डॉलरची ऑर्डर 87 चा भाव धरून घेतली. म्हणजे 34.8 लाख रुपये येणार. सूत, विणाई, रंगाई, शिलाई, पॅकिंग, कंटेनर मिळून 32 लाख खर्च. फायदा 2.8 लाख. माल गेला, पेमेंट मे महिन्यात आलं, तेव्हा डॉलर 84.5 च्या आसपास. हातात 33.8 लाख. रुपया तीन टक्केही वधारला नव्हता, पण फायद्यातला एक लाख, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, गेला. खर्च रुपयात होऊन बसलेला असतो, तो मागे घेता येत नाही.

दमाणीनगर: याच्यासाठीच बँकेत फॉरवर्ड काढतात ना? भाव आधीच बांधून घ्यायचा, विषय संपला.

शेंगाचटणी: अर्धा संपतो. वरच्या उदाहरणात फॉरवर्ड असता तर तो लाख वाचला असता, हे खरं. पण फॉरवर्ड म्हणजे त्या तारखेला डॉलर देण्याचा शब्द. आम्ही एकदा भाव बांधला, रुपया अडीच रुपयांनी पडला आणि बायरनं ऑर्डरच रद्द केली. आता द्यायला डॉलर कुठले? बँकेनं करार रद्द करून फरक वसूल केला, 40 हजार डॉलरला एक लाख. म्हणजे रुपया पडला आणि निर्यातदारालाच दंड. तेव्हापासून आमचे मालक ऑर्डरच्या निम्म्या रकमेचाच भाव बांधायचे, उरलेलं उघडं. ते शहाणपण होतं की भीती, मला अजून सांगता येत नाही.

दमाणीनगर: हे माहीत नव्हतं.

जुळे_सोलापूर: माझी मुलगी जर्मनीत शिकते. 2022 मध्ये रोज बातम्यांत रुपया पडला, रुपया पडला. मी घाबरून पैसे पाठवायची घाई केली. नंतर बघते तर युरो उलट स्वस्त झालेला. वर्षाच्या सुरुवातीला 84 च्या आसपास होता, सप्टेंबरात 80 च्याही खाली. असं कसं? इथे अमेरिकेचंच चाललंय, पण विचारते.

शेंगाचटणी: तुमचा प्रश्न विषयाबाहेरचा नाही, उलट वर्मावर आहे. बातमीतला रुपया डॉलरशी मोजलेला असतो. त्या वर्षी डॉलर सगळ्यांनाच भारी पडला, युरोला तर आपल्यापेक्षा जास्त. म्हणून ज्यांची बिलं युरोत होती त्या टॉवेलवाल्यांच्या हातात कमी रुपये पडले आणि लोक त्यांना म्हणत होते, काय शेठ, चांदी आहे! कंपनीचा शेअर घेण्याआधी तिची बिलं कुठल्या चलनात निघतात ते वार्षिक अहवालात शोधा.

आता मालकांच्या कुरकुरीचं. बायरही पेपर वाचतो. रुपया पडला की पुढच्या ऑर्डरला त्याचा पहिला ईमेल येतो, तुमचा रुपया स्वस्त झालाय, आम्हाला किती कमी करता? शिवाय तो एकट्या सोलापूरला विचारत नाही. पाकिस्तानातही टॉवेल होतात. जानेवारी 2023 मध्ये त्यांचा रुपया दोन दिवसांत डॉलरला 230 वरून 260 च्या पुढे घसरला. आपला रुपया त्या आठवड्यात जागचा हलला नाही, तरी आपला टॉवेल बायरच्या नजरेत महाग झाला. त्यात सूत. कापसाचा भाव जगाच्या बाजाराकडे बघून हलतो, त्यामुळे रुपया पडला की काही दिवसांत सूतही चढतं. मिळालेला वरचा रुपया असा दोन्हीकडून गळतो.

सातरस्ता: मग निर्यातवाले शेअर घ्यायचेच नाहीत का? मोठ्या कंपन्या सूत स्वतःच कातात. आणि गळून गळून सगळं गळतं थोडंच.

शेंगाचटणी: सगळं गळत नाही, हे तुमचं बरोबर. स्वतःची सूतगिरणी असेल तर कातणीचा नफा घरात राहतो. पण कापूस बाजारभावानंच घ्यावा लागतो. आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा रुपयाच्या दोन-चार टक्क्यांनी काय भरून निघणार होतं?

पाणीवेसकर, तुम्हाला वेगळंच सांगायचंय. तुमचा पगार डॉलरच्या ऑर्डरींवर. फंड डॉलरचा. आता शेअरही डॉलरवाल्यांचेच. पण दूध, किराणा, घरभाडं रुपयात. रुपया वधारला तर कारखान्याचा फायदा, फंड आणि शेअर तिन्ही एकदम खाली. जुळे_सोलापूर ताईंना युरोत फी भरायचीय, त्यांनी बाहेरचा फंड ठेवला तर समजतं. तुम्हाला परदेशात काही खर्च आहे का?

पाणीवेसकर: नाही. बायकोच्या भावाच्या लग्नाचा आहे, तो होटगी रोडला.

सातरस्ता: तरी मी म्हणतो, घे. दहा वर्षांनी सांगशील.

पाणीवेसकर: फंड काढत नाही, शेअरचं मात्र थांबवतो. ताई, आज फाइल उघडून बघितली. आमच्या एका बायरची बिलं युरोत निघतात आणि मालकांनी त्याच्यासाठी फॉरवर्ड डॉलर-रुपयाचा काढलाय. हे असं चालतं का?

शेंगाचटणी: चालत नाही. युरो घसरला तर तो फॉरवर्ड काही वाचवणार नाही, आणि त्या तारखेला द्यायला डॉलरही नसतील. दुसऱ्या एखाद्या डॉलरच्या बिलापोटी काढलेला असेल तर गोष्ट वेगळी. करारावर कुठल्या ऑर्डरचा नंबर टाकलाय, ते आधी बघा.