काजूगर निवडणी: थ्रेशोल्ड ०.५ ठेवायचा की खर्चावरून काढायचा?

काजूकार_डिचोली: कॅमेऱ्याखालून W320 प्रतीचे अख्खे गर जातात, मॉडेल प्रत्येक गराला ‘खराब असण्याचा’ स्कोर देतं. थ्रेशोल्डच्या वरचा गर टेबलवर हातनिवडणीला, खालचा थेट डब्यात. रोज १०० किलो म्हणजे साधारण ७०,००० गर, त्यात खराब (बुरशी, कीड) सुमारे ७००. हातनिवडणी गरामागे ४ पैसे पडते, खराब गर डब्यात गेला तर ग्राहकाची वजावट धरून २ रुपये. एकाने सांगितलं, ‘खर्चावरून थ्रेशोल्ड काढ, ०.०२ येतो.’ तो लावला तर ३१,००० गर टेबलवर आले! ०.५ ला ६,७०० येतात. मग खर्चाचं गणित खरं की ०.५ बरा?

जुनाअभियंता: ०.५ बरा. ४ पैसे मोजता येतात, पण ते २ रुपये कुठून आले? उद्या मालक म्हणेल १ रुपया धर, की थ्रेशोल्ड वर सरकला आणि टेबलवरची एक बाय कमी झाली. अंदाजाच्या आकड्यावर यंत्र फिरवू नये. त्यापेक्षा प्रकाश नीट करा, बुरशीचे फोटो वाढवा. मॉडेल चांगलं झालं की हा प्रश्नच उरत नाही.

मांडवीतीर: ०.५ हाही अंदाजच आहे, बाब. सुटलेला गर एका तपासणीच्या फक्त दुप्पट महाग, असं तो न बोलता धरून चालतो. इथे एकाची किंमत दुसऱ्याच्या पन्नासपट आहे. आणि मॉडेल सुधारलं तरी मधले धूसर गर राहणारच, त्यांचं काय करायचं ते ठरवावं लागतंच.

काजूकार, थ्रेशोल्ड F1, म्हणजे किती खराब पकडले आणि पकडलेल्यांत खरे खराब किती यांचा मेळ घालणारा आकडा, सर्वांत जास्त येईल तिथे ठेव. असमतोल डेटाला तेच करतात.

आकडेमोड: पहिला परिच्छेद बरोबर, F1 वर मात्र अडलात. F1 ला तुमचे ४ पैसे आणि २ रुपये कुठे माहीत आहेत? त्याच्या पोटात स्वतःचा एक भाव दडलेला असतो, तो इथल्या भावाशी जुळलाच तर योगायोग.

आधी सूत्र. पुष्कळ जण खोट्या इशाऱ्याचा खर्च भागिले दोन्ही खर्चांची बेरीज असं करतात. ते तेव्हाच चालतं, जेव्हा बरोबर इशाऱ्याला काहीच खर्च येत नाही. इथे खराब गर पकडला तरी त्याचे ४ पैसे जातातच. म्हणून गर टेबलवर पाठवायचा तो शक्यता × २ रुपये ४ पैशांपेक्षा जास्त असेल तेव्हा, म्हणजे ०.०४ / २ = ०.०२. आज दोन्ही रीतींत फरक नगण्य. पण तपासणी ४० पैसे आणि नुकसान १ रुपया असतं तर एक रीत ०.२९ सांगते, दुसरी ०.४०. शिवाय टेबलवरची बाय शंभरातले ९० च पकडत असेल तर नुकसानही ०.९ पटच वाचतं, थ्रेशोल्ड ०.०२२ होतो.

तर ०.०२ बरोबर आहे. घोळ दुसरीकडे दिसतो. काजूकार, मॉडेल शिकवताना चांगले आणि खराब फोटो किती-किती घेतले?

काजूकार_डिचोली: निम्मे-निम्मे. ४,००० आणि ४,०००.

आकडेमोड: मग तुमचा स्कोर ही शक्यता नव्हेच. मॉडेल अशा गावात वाढलंय जिथे दर दुसरा गर खराब, आणि तुमच्या पट्ट्यावर शंभरात एक. आधी स्कोर खऱ्या प्रमाणावर आणा:

```python
k = 0.01 / 0.99
p = s*k / (s*k + 1 - s)
```

`s = 0.5` टाकलात तर `p` येतो ०.०१. उलट, खरी शक्यता ०.०२ हवी तर स्कोर लागतो ०.६७. म्हणजे तुमच्या मॉडेलवर थ्रेशोल्ड अर्ध्याच्या *वर* जायला हवा. स्कोरवरच ०.०२ लावलात तेव्हा पाच हजारात एक खराब निघेल अशा गरांनाही टेबल दाखवलंत.

काजूकार_डिचोली: मागच्या आठवड्यात एक दिवस सगळाच माल हाताने तपासून घेतला होता, त्यावर मोजलं. स्कोर ०.५ ला टेबलवर ६,७००, सुटले २४: २६८ + ४८ = ३१६ रुपये. स्कोर ०.६७ ला ५,२००, सुटले ४५: २०८ + ९० = २९८. स्कोर ०.०२ ला ३१,०००, सुटले ४: तब्बल १,२४८.

जुनाअभियंता: म्हणजे एवढ्या सूत्रांची कमाई दिवसाला १८ रुपये. माझा ०.५ काय वाईट होता?

आकडेमोड: वाईट नव्हता, नशिबाने. निम्मे-निम्मे फोटो घेऊन ०.५ ठेवला की तुम्ही नकळत ‘सुटलेला गर शंभरपट महाग’ असं ठरवता. खरा भाव पन्नासपट होता, म्हणून थोडक्यात निभावलं. हेच मॉडेल खऱ्या प्रमाणात, शंभरात एक, शिकवलं असतं तर ०.५ ला निम्म्याच्या आसपास खराब गर थेट डब्यात गेले असते.

आणि पावसात भिजलेल्या बियांचा लॉट आला, खराबी ३ टक्क्यांवर गेली, तर `k` बदलतो आणि योग्य स्कोर ०.६७ वरून ०.४० वर उतरतो. तुमचा ०.५ तिथेच उभा राहील.

मांडवीतीर: यात एक मेख आहे. `k` बदलून भागतं ते फक्त प्रमाण बदललं तर. भिजलेल्या गराची बुरशी वेगळी दिसत असेल तर स्कोरच चुकेल. लॉट बदलला की दुरुस्त शक्यता ०.०१ ते ०.०३ मध्ये पडलेले हजार गर टेबलवर टाका. वीसेक खराब निघायला हवेत. पाचच निघाले तर मॉडेल बढाया मारतंय, साठ निघाले तर झोपलंय. दोन्ही वेळा ०.०२ ला काही अर्थ नाही.

कळंगुटवाला: आमच्या गेस्ट हाउसला ‘पाहुणा येणार नाही’ सांगणारं मॉडेल आहे. मग मीही ०.०२ लावू? खोली रिकामी राहिली तर ३,००० जातात. दुसऱ्याला दिली आणि पहिला दारात उभा राहिला तर त्याची सोय करण्यात ७,०००.

आकडेमोड: नको हो, दारात रांग लागेल! तुमच्याकडे खोटा इशाराच महाग. बरोबर अंदाजाला वेगळा खर्च नाही, म्हणून ७,००० / १०,००० = ०.७. तेही एका खोलीपुरतं. वीस खोल्या असतील तर एक जादा बुकिंग कुठल्याही न आलेल्या पाहुण्याच्या खोलीत बसतं, तेव्हा प्रत्येकावर वेगळा थ्रेशोल्ड न लावता त्या रात्री किती जण येणार नाहीत याचा एकत्र हिशेब करा.

काजूकार_डिचोली: एक अडचण. हंगामात टेबलवरच्या बायला दोनच तास मिळतात. तासाला १,५०० धरले तर ३,००० गर. ०.६७ ला ५,२०० येतात.

मांडवीतीर: मग सूत्र बाजूला. दर तासाला आलेल्या गरांतले सर्वांत वरच्या स्कोरचे तेवढेच घ्या, थ्रेशोल्ड आपोआप ठरेल. राहिलेल्या २,२०० मधला प्रत्येक गर न तपासता सोडल्याने सरासरी किती गेलं ते मात्र लिहून ठेवा. ते ४ पैशांच्या बरंच वर असेल तर दुसरी बाय परवडते.

जुनाअभियंता: माझा मूळ मुद्दा अजून तसाच आहे. ते २ रुपये प्रत्येक गराला सारखे नाहीत. डबा २२.६८ किलोचा, जवळपास १६,००० गर. ग्राहक नमुना काढतो, मर्यादेत असेल तर एक पैसा कापत नाही, मर्यादा ओलांडली की अख्खा लॉट परत. म्हणजे पहिले काही गर फुकट आणि पुढचा एक गर हजारोंचा. असल्या पायरीला तुमचं गराचं सूत्र कसं लावणार?

आकडेमोड: हा घाव बसला. तिथे गराचा नाही, लॉटचा हिशेब लागतो: या थ्रेशोल्डला डब्यात किती सुटतील आणि नमुन्यात मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता किती. काजूकार, ग्राहक नमुना केवढा घेतो आणि मर्यादा किती?

काजूकार_डिचोली: एक ५०० ग्रॅम काढतो, दुसरा अख्खा डबा ओततो. मर्यादा दोघांच्या करारात वेगळी. विचारून सांगतो.